बायनरी, टर्नरी की ए-ए-बी-ए? छोट्या रचनेचा आराखडा कानानं कसा ओळखायचा

पाश्चात्त्य संगीतातली एखादी छोटी रचना ऐकवून तिचा आराखडा विचारला की नव्यानं शिकणारे बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: सुरुवातीची चाल शेवटी परत आली का? आली तर टर्नरी म्हणजे त्रिभागी, नाही आली तर बायनरी म्हणजे द्विभागी, आणि गाणं असेल तर डोळे झाकून ए-ए-बी-ए, म्हणजे एक चाल दोनदा, मग वेगळी चाल, मग पुन्हा पहिली. ही कसोटी हमखास फसवते, कारण चाल बायनरीतही परत येऊ शकते. खरं बघायचं असतं ते मधल्या भागाकडे. तो स्वतःच्या पायावर उभा आहे, की परत येणाऱ्या चालीवाचून त्याला शेवटच नाही?

दुसरी चूक क्रमाची. लोक ऐकता ऐकता ए, बी अशी अक्षरं लिहायला लागतात. अक्षरं सगळ्यात शेवटी लिहायची. आधी मोजणी, मग थांबे, मग पुनरावृत्ती, मग ‘सा’ कुठे सरकतो ते.

## तयारी

चार रचना लागतील. पहिल्या दोन म्हणजे जी मेजर आणि जी मायनरमधले दोन छोटे मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या रचना, `BWV Anh. 114` आणि `BWV Anh. 115`. हे क्रिस्तियान पेट्झोल्डचे आहेत, पण आना माग्दालेना बाखच्या वहीत सापडल्यामुळे कित्येक रेकॉर्डिंगवर अजून योहान सेबास्टियान बाखचंच नाव असतं. त्यामुळे नावावर न जाता क्रमांकानं शोधा. तिसरी रचना मोझार्टची, `K. 265`: ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणून आपण ओळखतो त्या चालीवरची बारा रूपं. चौथी, १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ चित्रपटातलं ‘ओव्हर द रेनबो’.

वही-पेन्सिल घ्या आणि सेकंद दाखवणारा प्लेअर घ्या. तानपुऱ्याचं अ‍ॅप किंवा पेटी असेल तर काम फार सोपं होतं. `114` साठी पांढरी पाच धरून बसा, मोझार्टसाठी पांढरी एक.

सावध: जुन्या पद्धतीच्या हार्पसिकॉर्डवरचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा अर्ध्या सुरानं खाली लावलेलं असतं. पांढरी पाच बेसूर वाटली तर काळी तीन लावून बघा. आणि पुनरावृत्ती गाळून वाजवलेलं रेकॉर्डिंग सरावासाठी घेऊ नका. आराखड्याची निम्मी खूण त्या पुनरावृत्तीतच असते.

## टप्पा १: फक्त बार मोजा

`114` लावा. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, इथे तीन मात्रांचा बार आहे. ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन’ असं मोजलंत तर दहाव्या बारापर्यंत गोंधळ होतो. त्याऐवजी पहिल्या मात्रेवर बाराचा आकडा म्हणा: एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन, तीन-दोन-तीन, असं सोळापर्यंत. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळा बारांना २४ सेकंद लागतात.

या फेरीत चालीकडे लक्ष देऊ नका. सोळा बार संपल्यावर काय होतं एवढंच बघा. तेच सोळा बार पुन्हा वाजतात, मग दुसरं काहीतरी सोळा बार वाजतं आणि तेही पुन्हा वाजतं.

तपासा: सुरुवातीची चाल दुसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा तुमचा आकडा १७ होता का? ९ वर असताना ‘परत आली’ असं वाटलं असेल तर तेही बरोबर आहे, ते का हे पुढच्या टप्प्यात. १५ किंवा १८ आला असेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा मोजा.

## टप्पा २: थांबे लिहा, उघडे की बंद

आता पांढऱ्या पाचचा सा धरून चाल ऐका. सुरुवात अशी आहे: प, सारेगम | प, सा, सा. आठव्या बारात चाल ‘रे’वर येऊन थांबते. थांबते खरी, पण बोलणाऱ्यानं वाक्य अर्धवट सोडावं तसं वाटतं. नवव्या बारापासून तीच चाल पुन्हा सुरू होते, आणि या वेळी पंधराव्या बारात ‘रे ग रे सा नी’ करून सोळाव्यात ‘सा’वर बसते.

वहीत आठव्या बारापुढे ‘उघडा’ लिहा, सोळाव्यापुढे ‘बंद’.

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. नववा बार पहिल्यासारखा ऐकू येतो म्हणून लोक तिथे नवा भाग सुरू झाला असं धरतात. पण पहिले आठ बार उघड्यावर सोडलेले आहेत, त्यांचं उत्तर पुढच्या आठ बारांत मिळतं. प्रश्न आणि उत्तर मिळून एक भाग. म्हणजे भागाची हद्द सोळाव्या बारापाशी, आठव्यापाशी नाही. शंका आली तर आठव्या बारावर रेकॉर्डिंग थांबवा आणि तानपुरा चालू ठेवा. ‘रे’ कानाला टोचत राहतो. सोळाव्यावर थांबवलंत तर काहीच राहून गेल्यासारखं वाटत नाही.

## टप्पा ३: पुनरावृत्ती वेगळ्या चिन्हानं मांडा

सोळा बार दोनदा वाजले म्हणून ‘ए-ए’ लिहू नका. जशीच्या तशी पुनरावृत्ती ही वाजवण्याची सूचना असते. स्वरलेखनात तिथे दोन ठिपक्यांची दुहेरी रेघ असते. तुम्हीही तेच करा:

```
|: १६ बार :|: १६ बार :|
```

हे न केल्यामुळे ‘ए-ए-बी-बी’ असं काहीतरी तयार होतं, आणि मग त्याची तुलना ए-ए-बी-ए शी सुरू होते. दोन्हींचा काही संबंध नाही.

## टप्पा ४: ‘सा’ कुठे सरकतो ते पकडा

पहिल्या भागाची पुनरावृत्ती आता मोजू नका, दुसऱ्या भागात मोजणी १७ पासून पुढे चालू ठेवा. सुरुवात वरच्या ‘ग’वरून होते आणि विसाव्या बारात अचानक तीव्र मध्यम लागतो. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याच्या कानाला हा स्वर चुकत नाही, त्या अर्थानं आपण इथे थोडे पुढेच असतो. फक्त ‘राग बदलला’ असं समजू नका. तो तीव्र म म्हणजे नव्या घराचा ‘नी’ आहे: पंचमाला सा करण्याची तयारी चालली आहे. चोविसाव्या बारात चाल त्या पंचमावर येऊन बसते आणि क्षणभर तोच सा वाटतो.

पंचविसाव्या बारापासून परतीचा प्रवास. सत्ताविसाव्यात शुद्ध मध्यम पुन्हा ऐकू येतो आणि बत्तिसाव्यात मूळ ‘सा’वर सगळं बंद होतं.

आता एकच प्रश्न विचारा: या शेवटच्या आठ बारांत ‘प, सारेगम’ परत आलं का? नाही आलं. घर परत आलं, चाल परत आली नाही. म्हणजे साधी बायनरी. आता वहीत ए आणि बी लिहायला हरकत नाही.

सावध: इथे पहिला भाग मूळ सा वरच बंद झाला, पण त्या काळातल्या बहुतेक बायनरी रचनांत तसं नसतं. पहिला भाग पंचमाच्या घरात जाऊन संपतो आणि दुसरा तिथून परत येतो. त्यामुळे ‘पहिला भाग सा वर संपला नाही, म्हणजे मी चुकलो’ असं समजू नका. तशा शेवटाला ‘बंद, पण परघरी’ अशी खूण करा.

## टप्पा ५: चाल परत येते तरी बायनरी

आता मोझार्टच्या `K. 265` मधला पहिला, सजावट नसलेला भाग. दोन मात्रांचा बार आहे. चाल सगळ्यांना पाठ आहे: सासा पप धध प, मम गग रेरे सा. आठ बार, ‘सा’वर बंद. मग ‘पप मम गग रे’ दोनदा, आठ बार. आणि मग पहिले आठ बार परत.

नुसती चाल गुणगुणली तर हा आराखडा ए-बी-ए दिसतो आणि माणूस टर्नरी म्हणून मोकळा होतो. मोझार्टनं पुनरावृत्ती कुठे घातली आहे ते ऐका:

```
|: ए (८) :|: बी (८) + ए (८) :|
```

पहिले आठ बार दोनदा. त्यानंतर मधले आठ आणि परतीचे आठ असे सोळा बार एका गठ्ठ्यात, आणि तो अख्खा गठ्ठा दोनदा. म्हणजे परतीची चाल संपली की रचना संपत नाही, मधला भाग पुन्हा सुरू होतो. बी आणि परतीचा ए यांची गाठ मोझार्टनं स्वतःच मारून ठेवली आहे. याला राउंडेड बायनरी म्हणतात.

गाठ का मारली हे मधल्या भागाच्या शेवटाकडे बघितलं की कळतं. तो ‘रे’वर संपतो, उघडा. त्या भागाला स्वतःचा असा शेवट नाहीच. तिथे रेकॉर्डिंग बंद करून बघा, पुढचा ‘सासा’ तुम्ही मनात म्हणालच.

तपासा: (१) मधला भाग उघडा संपतो का? (२) तो पहिल्या भागाच्याच तुकड्यांतून विणलेला आहे का? इथे ‘मम गग रे’ हे तुकडे पहिल्या भागात आधीच येऊन गेले आहेत. (३) पुनरावृत्ती बी आणि ए ला एकत्र बांधते का? तिन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तर राउंडेड बायनरी.

एक कबूल करायला हवं. हीच चाल बालगीत म्हणून गाताना पुनरावृत्ती नसते, आणि तेव्हा तिला टर्नरी म्हणणारी पुस्तकंही आहेत. भांडत बसू नका. ‘कोणत्या सादरीकरणाबद्दल बोलतोय’ हे आधी ठरवलं की बराचसा वाद मिटतो. पुनरावृत्ती असलेलं मोझार्टचं रूप समोर असेल तर मात्र मी टर्नरी हे उत्तर चूकच धरीन.

सरावासाठी पुढची रूपं ऐका. चाल दागिन्यांखाली लपत जाते, पण उघडा थांबा जागेवर असतो. आठवं रूप मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराचं आहे. तिथे ओळखीची गोडी गेल्यावरही मधला भाग कुठे संपला हे सांगता आलं, तर कान तयार झाला म्हणायचं.

## टप्पा ६: खरी टर्नरी, म्हणजे मधला भाग स्वतंत्र

आता `114`, त्यानंतर `115`, आणि मग पुन्हा `114` असं सलग ऐका. ही जोडी बऱ्याचदा अशीच वाजवली जाते. तसं रेकॉर्डिंग नसेल तर प्लेलिस्टमध्ये हा क्रम लावा.

दुसऱ्या मिन्युएटचा सा तोच आहे, पण गंधार कोमल झाला आहे. पहिल्याच काही बारांत रंग बदलल्याचं जाणवतं. पण रंग बदलला हा टर्नरीचा पुरावा नव्हे. पुरावा हा की हा मधला मिन्युएट स्वतः दोन भागांचा आहे, त्याला स्वतःच्या पुनरावृत्ती आहेत आणि शेवटी तो मूळ सा वर पक्का बंद होतो. पुढे काहीही वाजवलं नाही तरी तो पूर्ण आहे. मोझार्टच्या मधल्या आठ बारांबद्दल असं म्हणता येत नाही.

त्यानंतर पहिला मिन्युएट परत येतो. परतताना आतल्या पुनरावृत्ती गाळण्याचा रिवाज आहे, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात संपेल. ‘अर्धाच वाजवला’ म्हणून गोंधळू नका, बत्तीसच्या बत्तीस बार वाजलेले असतात.

वहीत दोन पातळ्या मांडा:

```
ए (114)       बी (115)       ए (114)
 |: :|: :|     |: :|: :|      पुनरावृत्तीविना
```

वरची पातळी टर्नरी, आतली प्रत्येक चौकट बायनरी. ‘हे नक्की काय, बायनरी की टर्नरी?’ हा प्रश्न पातळी न सांगता विचारला तर त्याला उत्तर नाही. वाद घालणारे दोघे बहुतेक वेळा वेगवेगळ्या पातळ्यांवरून बोलत असतात.

## टप्पा ७: ए-ए-बी-ए

आता ‘ओव्हर द रेनबो’. इथे चार मात्रांचा बार आणि आठ-आठ बारांचे चार भाग, एकूण ३२. पहिल्या दोन स्वरांतच चाल मध्य सा वरून तार सा वर उडी मारते. ती उडी ही ‘ए’ची खूण. ती ऐकू आली की वहीत वेळ टिपा.

पहिला ए आठव्या बारात सा वर बंद होतो. पुन्हा तीच उडी, तीच चाल, शब्द वेगळे: दुसरा ए, तोही बंद. `114` मध्ये आठवा बार उघडा होता म्हणून आपण सोळा बारांचा एक भाग धरला. इथे प्रत्येक आठ बार आपापले बंद होतात आणि दर वेळी नवे शब्द घेऊन येतात, म्हणून ‘ए-ए’ अशी दोन अक्षरं. टप्पा ३ मधला नियम मोडला असं वाटेल, पण मोडलेला नाही. तिथे तीच वस्तू पुन्हा वाजत होती, इथे त्याच चालीत दुसरं कडवं आहे.

मग ब्रिज, म्हणजे मधला बी. उडी गेली, आणि चाल ‘ग प ग प’ अशी दोनच स्वरांवर झुलायला लागते. आठ बारांनी ती उघडी सुटते आणि लगेच तिसऱ्यांदा ती उडी येते. शेवटच्या ए नंतर ब्रिजच्याच झुलत्या चालीवर छोटीशी पुरवणी आहे. तिला पाचवा भाग धरू नका, ‘शेपूट’ असं लिहून सोडून द्या.

सावध, सुरुवातीसाठी: त्या काळच्या अशा गाण्यांना आधी एक प्रास्ताविक असायचं, इंग्रजीत त्याला ‘व्हर्स’ म्हणत. या गाण्यालाही आहे, चित्रपटात ते घेतलेलं नाही, पण काही गायक गातात. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल तर मोजणी उडीपासून सुरू करा.

सावध, ब्रिजसाठी: ब्रिजची चाल वेगळीच असते असं गृहीत धरू नका. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘सो व्हॉट’मध्ये तीच चाल आहे, फक्त अर्धा सूर वर चढवलेली. चालीचा आकार शोधत बसलात तर चारही भाग ‘ए’ वाटतील. तानपुरा लावून ऐकलंत तर सतराव्या बारात सगळं एकदम बेसूर होईल आणि पंचविसाव्यात परत जुळेल. ब्रिज तोच.

जॅझमध्ये आणखी एक सापळा आहे. मूळ चाल संपल्यावर वादक त्याच ३२ बारांच्या चौकटीवर आलाप-तानांसारखा विस्तार करतात आणि चौकट फिरत राहते. म्हणजे एका फेरीचा शेवटचा ए आणि पुढच्या फेरीचे दोन ए असे तीन ए लागोपाठ येतात, चोवीस बार. इथे जवळजवळ प्रत्येक जण हरवतो. सम शोधावी तसा ‘पहिला ए’ शोधू नका, तो ओळखूच येत नाही. ब्रिज पकडा. ब्रिज संपला की आठ बार मोजा, तिथून नवी फेरी.

## मुखडा-अंतऱ्याला ए-ए-बी-ए म्हणू नका

मराठी श्रोत्याची ही खास चूक. भावगीतात धृपद दोनदा म्हणतात, मग अंतरा येतो, मग धृपद. मांडलं तर ए-ए-बी-ए च दिसतं. पण कोणता भाग काय काम करतो ते बघा. भावगीतात गोष्ट पुढे नेतो अंतरा. तो दोनदा-तीनदा नव्या शब्दांनी येतो, आणि धृपद तेच शब्द घेऊन परततं. ए-ए-बी-ए मध्ये नेमकं उलटं असतं: नवे शब्द घेऊन पुढे जातो तो ए, आणि एका फेरीत एकदाच येऊन बाजूला होतो तो बी. गाण्याची ओळख ठरणारी ओळ तिथे वेगळं धृपद म्हणून नसते, ए च्या आत, सुरुवातीला किंवा शेवटी, बसवलेली असते.

साधी कसोटी: तुम्ही ज्याला ए म्हणताय त्याचे शब्द दर वेळी तेच असतील, तर ते धृपद आहे. ए-ए-बी-ए विसरा. स्थायी-अंतऱ्याच्या बंदिशीला बायनरी म्हणण्यातही हीच अडचण आहे. अंतरा झाल्यावर गायक स्थायीच्या मुखड्यावर परततो आणि तिथून पुढे किती वेळा परतायचं हे लिहून ठेवलेलं नसतं.

## आकडा जमत नसेल तर

३२ ऐवजी ३४ आले तर मोजणी चुकली असं लगेच धरू नका. गर्श्विनच्या १९३० च्या ‘आय गॉट रिदम’मध्ये शेवटचा ए दोन बारांनी लांबवला आहे. जादा बार कुठे आहेत ते शोधायला ब्रिज जिथे सुरू होतो तो आकडा बघा. तो १७ असेल आणि शेवटचा ए २५ ला सुरू होत असेल, तर जादा बार शेपटाकडे आहेत आणि आराखडा ए-ए-बी-ए च. ब्रिजच १९ ला सुरू होत असेल तर पहिल्या दोन ए पैकी एक लांब आहे, किंवा प्रास्ताविकाचे दोन बार तुम्ही मोजणीत ओढलेत. दुसरी शक्यता आधी तपासा, बहुतेक वेळा तीच निघते.